‘संत्री’ पडद्यावर येताना आधी ‘संत’ का होते?

फेब्रुवारीत काटोलकडच्या एका बागायतदार काकांचा फोन आला. बागेत मृग बहाराची तोडणी सुरू होती आणि मुलाने हौसेने तीन मिनिटांचा व्हिडिओ केला होता. चित्रण छान, मागे पाखरांचा आवाज, सगळं जमून आलेलं. सुरुवातीला नाव येतं ‘मृगाची संत्री’, तेवढंच फसलं होतं. इंटरनेटवरून घेतलेल्या तयार टेम्प्लेटमध्ये पोराने ते दोन शब्द टाकले होते.

“नाव लिहून राह्यलं का तोडून राह्यलं बाप्पा हे?” काका म्हणाले.

मी नागपुरात टायटल्स आणि मोशन ग्राफिक्सचं काम करतो. लग्नाच्या व्हिडिओपासून नगरसेवकांच्या शुभेच्छांपर्यंत सगळं हातून जातं, त्यामुळे हा आजार ओळखीचा होता. पडद्यावर आधी ‘म’ उडत आला. मागून एक ठिपक्यांचं वर्तुळ आलं आणि त्याखाली ऋकार लोंबत होता. मग ‘ग’, मग एकटा काना. पोराने टाइपरायटरसारखं टिकटिक उमटणारं दुसरं टेम्प्लेट लावून पाहिलं, तर त्यात पाव सेकंद ‘संत’ दिसायचे आणि मग त्यांची ‘संत्री’ व्हायची. काकांना हे दुसरं जास्त आवडलं होतं, पण ते सोडा.

पोराचं म्हणणं होतं की फॉन्ट खराब आहे. फॉन्ट ठीकच होता. टेम्प्लेट बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं ‘अक्षर’ आणि आपण शाळेत गिरवलेलं अक्षर, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

पाच अक्षरं, बारा तुकडे

‘मृगाची संत्री’ यात अक्षरं किती? कुणीही मराठी माणूस पाच सांगेल: मृ, गा, ची, सं, त्री. संगणकाच्या साठवणीत मात्र हेच शब्द असे असतात:

म ृ ग ा च ी  स ं त ् र ी

हे बारा तुकडे झाले, मधली मोकळी जागा धरून तेरा. वरच्या ओळीत तुमच्याही मोबाइलवर बहुधा ठिपक्यांची वर्तुळं दिसत असतील. ती छापायची चूक नाही. ऋकार, वेलांटी, अनुस्वार या खुणांना बसायला व्यंजन लागतं. ते मिळालं नाही की यंत्र त्या जागी ठिपक्यांचं वर्तुळ मांडतं.

या तुकड्यांचं अक्षर करणारा एक अदृश्य कारागीर प्रत्येक फोनमध्ये आणि संगणकात असतो. जुन्या छापखान्यातला कंपोझिटर आठवा. समोरच्या कप्प्यांतून तो खिळे उचलायचा, ‘त’ला ‘र’ जोडायचा असेल तर ‘त्र’चा जोडखिळा शोधायचा, अनुस्वार नेमका कुठे बसवायचा ते बघायचा. सॉफ्टवेअरमध्ये हे काम टेक्स्ट इंजिन करतं. त ् र ी हे चार तुकडे एकत्र मिळाले की ते ‘त्री’ जुळवून देतं.

तुकडे एकत्र मिळाले तरच. टेम्प्लेट रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनलेलं असतं. रोमनमध्ये एक तुकडा म्हणजे एक अक्षर, म्हणून ते बिनधास्त एकेक तुकडा सुटा काढतं आणि उडवतं. कंपोझिटरच्या हातात आधी फक्त ‘म’ दिला आणि वेगळ्या ताटलीत ऋकार दिला, तर तो बिचारा काय जुळवणार?

टाइपरायटरच्या चालीत दुसरी गंमत होते. तिथे तुकडे क्रमाने वाढत जातात: स, सं, संत, संत्, संत्र, संत्री. म्हणजे वाटेत एक अख्खा वेगळा शब्द लागतो आणि त्यानंतर एक पाय मोडलेला ‘त’. ‘विदर्भ’ टाइप होताना तर बघण्यासारखा असतो. आधी ‘व’ येतो. मग ऱ्हस्व वेलांटी येते, पण ती त्याच्या आधी घुसते आणि ‘व’ला उजवीकडे ढकलते. पुढे ‘विदर’ दिसतं, मग ‘विदर्’, आणि ‘भ’ आला की मघाचा ‘र’ जागेवरून नाहीसा होऊन ‘भ’च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. आपण लिहिताना असं कधीच लिहीत नाही. म्हणून वाचणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं नक्की.

मग अक्षर हलवायचं कसं?

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे अक्षर हलवायचंच नाही, शब्द हलवायचा. आफ्टर इफेक्ट्स या मोशन ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्टच्या अ‍ॅनिमेशनला Range Selector असतो, त्याच्या Advanced मध्ये Based On नावाची निवड असते. तिथे मुळात Characters असतं. ते Words केलं की ‘मृगाची’ अख्खा येतो, मागून ‘संत्री’ अख्खा येतो. काकांच्या टेम्प्लेटमध्ये एवढ्या एका बदलाने वर्तुळं गेली. निम्म्याहून अधिक कामांत मी इथेच थांबतो.

त्याआधी एक तपासणी करून घ्यावी. शब्द स्थिर असतानाही ‘संत्री’ फुटलेली दिसत असेल, तर दोष अ‍ॅनिमेशनचा नाही, टेक्स्ट इंजिनचा आहे. आफ्टर इफेक्ट्सच्या ज्या आवृत्त्यांत इंजिन निवडता येतं, तिथे Preferences मधल्या Type मध्ये जाऊन South Asian and Middle Eastern निवडावं लागतं. नंतर तो मजकूर पुन्हा नव्याने टाइप करून पाहावा.

दुसरा उपाय माझा लाडका आहे: डावीकडून उजवीकडे पडदा सरकवणे. शब्द आधीच पूर्ण जुळलेला असतो, आपण त्यावरचं झाकण हळूहळू काढतो. झाकणाची कड थोडी धूसर ठेवली की शाईने लिहिल्यासारखा भास होतो, आणि एकही तुकडा सुटा होत नाही.

पण काकांच्या पोराला अक्षरं एकेक करूनच यायला हवी होती. फळं एकेक तोडल्यासारखी. कल्पना वाईट नव्हती, म्हणून बसलो.

दोरीवरचे कपडे

इथे शिरोरेषा आडवी येते, दोन्ही अर्थांनी.

रोमन अक्षरं फळीवर ठेवलेल्या बरण्यांसारखी असतात. मधलं अंतर वाढवा, एखादी बरणी उचला, बाकीच्यांना फरक पडत नाही. देवनागरी शब्द दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा असतो. सगळी अक्षरं एकाच रेषेला लटकलेली असतात, आणि फॉन्टमध्ये ही रेषा अखंड नसते. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर तिचा आपापला तुकडा असतो, शेजारच्याला टेकणारा किंवा त्यावर किंचित चढणारा. आपल्याला दिसते ती सलग रेषा हा जुळणीचा परिणाम आहे.

त्यामुळे तीन नेहमीच्या चुका होतात. पहिली, अक्षरांमधलं अंतर वाढवणं. इंग्रजी सिनेमांच्या नावांत अक्षरं दूरदूर ठेवली की भारदस्त वाटतात, म्हणून टेम्प्लेटमध्ये हे अंतर आधीच वाढवलेलं असतं. आपल्याकडे तेच केलं की दोरी जागोजागी तुटते. तो आकडा शून्यावर आणावा, संपलं.

दुसरी चूक बाह्यरेषेची, म्हणजे अक्षराभोवती रंगीत काठ देण्याची. काठ प्रत्येक अक्षराला स्वतंत्र लागतो, त्यामुळे शिरोरेषेच्या प्रत्येक सांध्यावर एक उभी चीर दिसते. शब्द गाठी मारलेल्या दोरीसारखा होतो. आफ्टर इफेक्ट्समध्ये टेक्स्टच्या More Options मध्ये All Fills Over All Strokes निवडलं की सगळे काठ खाली जातात आणि भरीव रंग वर राहतो. चिरा नाहीशा होतात.

तिसरी चूक स्थिर चित्रात दिसतच नाही. अक्षरं एकेक करून धूसरातून ठळक होत असतील, तर अर्धपारदर्शक असताना जिथे दोन तुकडे एकमेकांवर चढलेले आहेत तिथे गडद ठिपका उमटतो. जेमतेम पाच-सहा फ्रेम, पण मोठ्या पडद्यावर रेषा लुकलुकल्यासारखी वाटते. आधी अख्खा शब्द एका थरात बांधून घ्यावा आणि मग त्या थराची पारदर्शकता बदलावी.

‘मृगाची संत्री’ शेवटी असं केलं. टेक्स्टचे Create Shapes from Text ने आकार करून घेतले. आमच्या फॉन्टमध्ये दहा आकार निघाले, कारण ‘त्र’चा एकच ठसा होता पण काना, वेलांट्या, ऋकार, अनुस्वार सुटे आले. ते हाताने पाच गटांत बांधले: मृ, गा, ची, सं, त्री. नंतर आकारांवरून शिरोरेषेची पट्टी कापून काढली आणि तिच्या जागी प्रत्येक शब्दाला एक सलग आडवी रेषा स्वतंत्र थरावर आखली. आता दोरी वेगळी, कपडे वेगळे. पहिल्या 8 फ्रेममध्ये दोरी डावीकडून उजवीकडे ताणली जाते. मग एकेक अक्षर खालून 30 पिक्सेल वर येऊन तिला टेकतं, प्रत्येकी 3 फ्रेमच्या अंतराने. फ्रेम सेकंदाला 25. शेवटचं अक्षर टेकेपर्यंत सव्वा सेकंदाच्या आत काम होतं, आणि मग नाव तीन सेकंद शांत उभं राहतं.

दोरी आधी की अक्षरं आधी, यावर आमचा थोडा वाद झाला. आपण वहीत अक्षरं काढून वर रेघ ओढतो, म्हणून रेघ शेवटी हवी, असं पोराचं म्हणणं. करून पाहिलं. रेघ येईपर्यंत अक्षरं बोडकी दिसतात आणि ‘गा’चा काना एखाद्या दंडासारखा वाटतो. पडद्यावर वाचणाऱ्याला तेवढा धीर नसतो. दोरी आधीच राहिली.

मोबाइल उभा धरून बघा

व्हिडिओ आडवा, 1920 पिक्सेल रुंद. बघणारे बहुतेक जण फोन उभाच धरणार, म्हणजे त्या 1920 पिक्सेलना सुमारे 7 सेंटिमीटर जागा. एका पिक्सेलच्या वाट्याला 0.036 मिलिमीटर येतो. टेम्प्लेटमध्ये शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची 38 पिक्सेल होती, म्हणजे फोनवर दीड मिलिमीटरही नाही. आम्ही ती 96 केली, साडेतीन मिलिमीटर झाली.

उंची वाढवून भागत नाही, कारण देवनागरीत अर्थ बारीक खुणांवर टांगलेला असतो. अनुस्वाराचा ठिपका 8 पिक्सेलचा असेल तर फोनवर तो 0.3 मिलिमीटर. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरताना व्हिडिओ दाबला जातो. रुंदी 640 पर्यंत आकसली तर 3 पिक्सेलची शिरोरेषा 1 पिक्सेलची उरते आणि ठिपका पुसट होतो. ‘संत्री’ची ‘सत्री’ व्हायला तेवढं पुरे.

म्हणून सडपातळ, नाजूक वजनाचा फॉन्ट नको. पण थेट सगळ्यात जाडही नको. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ या जोड्यांमधला फरक मुख्यतः डोक्यावरच्या उघड्या जागेत आणि छोट्या गाठीत असतो. जाडी वाढली की ती जागा बुजते, वर व्हिडिओ दाबला गेला की ‘धार’ची ‘घार’ होते. एक टाइपचा मुक्ता फॉन्ट सात वजनांत मिळतो. मी त्यातलं मधलं किंवा त्याच्या एक पायरी वरचं वजन घेतो. नोटो सान्स देवनागरीही चालतो. परीक्षा एकच: फ्रेम फोनवर पाठवायची, फोन हातभर लांब धरायचा आणि ज्याला नाव माहीत नाही त्याला वाचायला लावायचं. नाव माहीत असलेल्या माणसाला सगळंच वाचता येतं.

मागे संत्र्याची झाडं, म्हणजे गडद पानं आणि त्यांत चमकणारे उन्हाचे कवडसे. पांढरं अक्षर कवडशावर आलं की हरवतं. आम्ही मागे मऊ, पसरट सावली दिली. धारदार सावली दिली असती तर अनुस्वाराला जुळा भाऊ झाला असता.

मधोमध ठेवलं तरी वरखाली का दिसतं?

तोल सांभाळताना सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. सॉफ्टवेअर शब्दाभोवती एक अदृश्य चौकट धरतं आणि तिचा मध्य काढतं. देवनागरी शब्दाची ही चौकट शब्दागणिक बदलते.

बातमीपत्रात खाली येणारी गावांची नावं घ्या. ‘महाल’ला शिरोरेषेच्या वर काही नाही, खालीही काही नाही. ‘मौदा’ला वर मात्रा आहेत. चंद्रपूरकडच्या ‘मूल’ला खाली ऊकार आहे. अक्षराची उंची 90 पिक्सेल, वरच्या खुणांना 30, खालच्यांना 25 धरा. चौकट मधोमध ठेवली तर ‘महाल’ची शिरोरेषा मध्यापासून 45 पिक्सेल वर येते, ‘मौदा’ची 30, आणि ‘मूल’ची 57. मौद्याच्या बातमीनंतर मूलची बातमी आली की रेषा एकदम 27 पिक्सेल उडी मारते. बघणाऱ्याला वाटतं पट्टी हलली.

इलाज सोपा आहे. चौकट विसरायची, शिरोरेषेची उंची ठरवून टाकायची आणि प्रत्येक नाव तिथेच टांगायचं. पट्टीत वर 30 आणि खाली 25 पिक्सेलची जागा कायम राखीव, नावात मात्रा असो वा नसो. टेम्प्लेटच्या पट्ट्यांमध्ये वेलांटीचा माथा छाटला जातो तो हीच जागा न ठेवल्यामुळे.

दोन ओळींचं नाव असेल तर हीच राखीव जागा दोनदा लागते. ‘मृगाची’ वर आणि ‘संत्री’ खाली, डावीकडे जुळवून ठेवले, तर ‘मृ’चा ऋकार नेमका ‘सं’च्या अनुस्वारावर उतरतो. टेम्प्लेटमध्ये तेच झालं होतं. ऋकाराचं शेपूट ठिपक्यात घुसलं होतं. आम्ही ओळींमधलं अंतर वाढवलं, शिवाय खालची ओळ थोडी उजवीकडे सरकवली. ऋकार मोकळ्या जागेत आला.

‘चित्र करून टाका ना, कशाला एवढं?’

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो चुकीचा नाही. नाव दुसरीकडे सुबक लिहून त्याचं पारदर्शक चित्र आणलं तर तुकडे पडत नाहीत. एकच नाव, एकदाच वापरायचं, तर खुशाल करा. पण ग्राहक रात्री अकराला फोन करून ‘ऱ्हस्व का दीर्घ’ विचारणार असेल, किंवा चाळीस पाहुण्यांची नावं असतील, तर प्रत्येक दुरुस्तीला चित्र नव्याने करावं लागतं. मी मजकूर मजकूरच ठेवतो आणि आकार अगदी शेवटी करतो. मूळ मजकुराचा थर डोळा मिटून खाली पडून असतो.

दुसरं म्हणणं असतं, ‘आमच्या जुन्या फॉन्टमध्ये तर काही तुटत नाही.’ कृतिदेव वगैरे फॉन्ट खरं तर रोमन कीबोर्डच्या चिन्हांना देवनागरी मुखवटे चढवतात. त्यात आपलं नाव आतून असं साठवलेलं असतं:

```
e`xkph la=h
```

यंत्राच्या लेखी ही रोमन चिन्हंच आहेत, म्हणून वर्तुळं दिसत नाहीत. पण अ‍ॅनिमेशनमध्ये ऋकार आणि वेलांटी सुटे उडतातच, फॉन्ट नसलेल्या मशीनवर वरची ओळ जशीच्या तशी दिसते, आणि त्यात शोध घेता येत नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि बदलल्यावर डोळ्यांनी वाचावा. जोडाक्षरं आणि रफार रूपांतरात घसरतात.

‘कुठलाही देवनागरी फॉन्ट चालेल ना?’ चालेल, पण ‘ल’ आणि ‘श’ बघून घ्या. मराठी वळणाचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ वेगळे आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही असतात, पण सॉफ्टवेअरला भाषा मराठी असल्याचं सांगितलं नाही तर हिंदी वळण पुढे येतं. ‘कऱ्हाड’ किंवा ‘वाऱ्यावर’मधला ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ही एकदा टाइप करून पाहावा. ज्या फॉन्टला तो जमत नाही, तो मराठी नावांना घेऊ नये.

शेवटची नामावली

व्हिडिओच्या शेवटी नावं खालून वर सरकतात, तिथे शिरोरेषा पुन्हा त्रास देते. इतक्या बारीक, लांब आडव्या रेषा रोमनमध्ये नसतातच. सरकण्याचा वेग फ्रेममागे दीड-पावणेदोन पिक्सेल असा अपूर्णांकात असला, तर रेषा कधी दोन पिक्सेलांच्या मध्ये पडते, कधी नेमकी एकावर. ती थरथरते. वेग पूर्णांकात ठेवावा. फ्रेममागे 2 पिक्सेल म्हणजे सेकंदाला 50, आणि 1080 उंचीचा पडदा ओलांडायला नावाला जवळपास 22 सेकंद. फार सावकाश वाटलं तर 3 करा, अडीच नको.

काकांचा व्हिडिओ गेला. आठवड्याने पोराचा मेसेज आला. नरखेडच्या मावसभावाला तसंच नाव हवं होतं, त्याचं ‘आंबिया बहार’. किती गट बांधायचे, दहा का, असं त्याने विचारलं होतं. मी उत्तर लिहायला घेतलं, तोवर त्याचाच दुसरा मेसेज आला: “सहा. आं, बि, या, ब, हा, र. वेलांटी ‘ब’सोबत बांधली.”